एकाच कन्साइनमेंटमध्ये दोन वस्तू: आयात मालाचा पडता कसा काढावा

माझ्या भाच्याचं सियागंजात हार्डवेअरचं छोटं दुकान आहे. त्याने चीनहून पहिला माल मागवला, तेव्हा त्यात दोनच वस्तू होत्या: ड्रिल बिटचे संच आणि प्लॅस्टिकचे रिकामे टूलबॉक्स. माल इंदूरला पोहोचल्यावर त्याने सगळ्या खर्चाची बेरीज केली, तिला मालाच्या किमतीने भागलं आणि १.३५ हा आकडा काढला. मग दोन्ही वस्तूंच्या खरेदी भावाला त्याच आकड्याने गुणून, त्यावर नफा धरून विक्रीचे दर लावले. टूलबॉक्स पंधरा दिवसांत संपले. ड्रिलचे संच मात्र हलेनात, कारण शेजारच्या दुकानात तेच संच स्वस्त मिळत होते. "मामा, बॉक्स तर हातोहात गेले," तो आनंदाने सांगत आला. कागद मांडून बसलो तेव्हा कळलं की प्रत्येक बॉक्समागे त्याचे ३९ रुपये गेले होते.

पीथमपूरच्या कारखान्यात मी बरीच वर्षं आयातीचे हिशेब पाहिले. कच्च्या मालापासून यंत्रांच्या सुट्या भागांपर्यंत सगळीकडे हीच चूक वेगवेगळ्या रूपात भेटायची. म्हणून भाच्याचंच उदाहरण घेऊन पडता, म्हणजे लँडेड कॉस्ट, कसा काढायचा ते सांगतो. आकडे सोपे करून घेतले आहेत. ड्युटीचे आणि डॉलरचे दर उदाहरणापुरते आहेत. तुमच्या मालाचे दर तुमच्या एचएसएन कोडवरून आणि त्या दिवसावरून ठरतील.

आधी कागद जमवा

पाच कागद समोर हवेत: विक्रेत्याचं इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, कस्टमचं बिल ऑफ एंट्री आणि भारतातल्या खर्चाची सगळी बिलं. या शेवटच्या गठ्ठ्यात जहाजाने माल आणण्याची सोय करणाऱ्या फॉरवर्डरचं, बंदराजवळच्या कंटेनर गोदामाचं म्हणजे सीएफएसचं, क्लिअरिंग एजंटचं, ट्रकवाल्याचं आणि बँकेचं असं प्रत्येकाचं बिल येतं. नवखे लोक पॅकिंग लिस्टकडे फारसं बघत नाहीत. मला मात्र पाचांपैकी तीच सगळ्यात कामाची वाटते, कारण कोणत्या वस्तूने किती जागा आणि किती वजन घेतलं हे फक्त तिच्यात असतं.

भाच्याचा माल असा होता. ड्रिलचे १००० संच, दर ३.५० डॉलर, एकूण ३५०० डॉलर. टूलबॉक्स ५००, दर ३ डॉलर, एकूण १५०० डॉलर. दोन्ही भाव एफओबी, म्हणजे तिकडच्या बंदरात जहाजावर चढवून दिलेल्या मालाचे. संचांना खोक्यांसकट २ घनमीटर जागा लागली आणि त्यांचं वजन १२०० किलो होतं. बॉक्सना ८ घनमीटर जागा लागली आणि वजन फक्त ६०० किलो. पैशांच्या हिशेबात संच ७० टक्के, जागेच्या हिशेबात बॉक्स ८० टक्के. सगळा घोळ या दोन टक्केवाऱ्यांतल्या अंतराचा आहे.

पॅकिंग लिस्टमध्ये घनमीटर दिलेले नसतील तर खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये आणि खोक्यांची संख्या A ते D या रकान्यांत लिहा आणि शीटमध्ये हे सूत्र टाका:

```
=A2*B2*C2*D2/1000000
```

ड्युटी: हिला स्वतः वाटू नका

कस्टम ड्युटी लागते ती माल, जहाजभाडं आणि विमा मिळून होणाऱ्या किमतीवर. भाच्याचं जहाजभाडं ३०० डॉलर होतं आणि विमा ५० डॉलरचा. त्यामुळे ५००० अधिक ३५०, म्हणजे ५३५० डॉलर ही कस्टमने धरलेली किंमत. विमा उतरवलाच नसेल आणि रक्कम कळत नसेल, तर कस्टम एफओबीच्या १.१२५ टक्के विमा धरून चालतं. भाडं कळत नसेल तर एफओबीच्या २० टक्के धरलं जातं. या धरलेल्या रकमांवर ड्युटी द्यावी लागते, पण त्या रकमा तुमच्या खिशातून कोणाला गेलेल्या नसतात. म्हणून त्या पडत्यात घालायच्या नाहीत. त्यांच्यामुळे वाढलेली ड्युटी तेवढी घालायची. शिवाय भाड्याची पावती वेळेत दिली नाही म्हणून २० टक्के धरले गेले, तर हलक्या भाड्याच्या मालावर तुम्ही उगाच जास्त ड्युटी भरता. आपल्याकडे खरं भाडं ३०० डॉलर आहे; २० टक्के धरले असते तर ते १००० डॉलर झालं असतं.

डॉलरचा रुपयांत भाव कस्टमच्या जाहीर दराने लागतो, बँकेच्या नाही. तो ९० धरू. आता एक बारीक गोष्ट. एका बिल ऑफ एंट्रीत अनेक वस्तू असल्या की कस्टमची प्रणाली भाडं आणि विमा त्या वस्तूंवर किमतीच्या प्रमाणात वाटते. जागेचा तिथे विचार होत नाही. त्यामुळे संचांच्या वाट्याला ५३५० चे ७० टक्के, म्हणजे ३७४५ डॉलर, रुपयांत ३,३७,०५० आले. बॉक्सच्या वाट्याला १६०५ डॉलर, म्हणजे १,४४,४५० रुपये.

संचांवर मूळ सीमाशुल्क १० टक्के धरलं तर ३३,७०५ रुपये. त्यावर समाजकल्याण अधिभार, जो मूळ शुल्काच्या १० टक्के असतो, किमतीच्या नाही: ३,३७१ रुपये. मिळून ३७,०७६. बॉक्सवर मूळ शुल्क १५ टक्के धरलं तर अधिभारासकट २३,८३४ रुपये. हे दोन आकडे बिल ऑफ एंट्रीत वस्तूवार छापलेले असतात. ते जसेच्या तसे उचला. एकूण ड्युटी घेऊन पुन्हा स्वतःच्या डोक्याने वाटायला गेलात, तर १५ टक्क्यांच्या वस्तूचा भार १० टक्क्यांच्या वस्तूवर सरकतो.

यानंतर आयजीएसटी येतो, किंमत अधिक ड्युटी या बेरजेवर. १८ टक्क्यांनी तो दोन्ही वस्तूंचा मिळून सुमारे ९७,६३४ रुपये झाला. भाच्याने तो खर्चात धरायचा का, असं विचारलं. त्याचा जीएसटी नेहमीच्या पद्धतीतला आहे, बिल ऑफ एंट्रीवर त्याचा जीएसटी क्रमांक नीट आहे आणि हा माल तो विकणारच आहे. म्हणून या रकमेचं इनपुट क्रेडिट त्याला मिळतं आणि ती पडत्यात येत नाही. एजंट, सीएफएस, फॉरवर्डर यांच्या बिलांवरच्या जीएसटीचंही तसंच. पण कंपोझिशनमध्ये असलेल्या दुकानदाराला क्रेडिट नाही. त्याच्यासाठी हा सगळा आयजीएसटी खर्चच आहे आणि पडत्यात घालावाच लागतो. आणि क्रेडिट मिळणार असलं, तरी माल सोडवताना ही रक्कम हातात रोख लागते. पडत्यात नाही म्हणून तिची सोय करायला विसरलात, तर माल सीएफएसमध्ये पडून राहतो.

जागेने झालेले खर्च जागेने वाटा

एलसीएलमध्ये, म्हणजे दुसऱ्यांच्या मालासोबत कंटेनर वाटून घेतल्यावर, भाडं घनमीटर किंवा टन यांपैकी जे जास्त भरेल त्यावर लागतं. एक घनमीटर म्हणजे १००० किलो असं प्रमाण धरतात. संच २ घनमीटर आणि १.२ टन, म्हणजे २. बॉक्स ८ घनमीटर आणि ०.६ टन, म्हणजे ८. दोन्ही ठिकाणी जागाच जिंकते.

जहाजभाड्याचे ३०० डॉलर फॉरवर्डरने त्याच्या स्वतःच्या ९२ च्या दराने लावले, म्हणून २७,६०० रुपये. फॉरवर्डरचा डॉलरचा दर बँकेपेक्षा चढा असणं नेहमीचं आहे. भाव मागतानाच विचारून घ्या. मग मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात कंटेनर उघडून माल वेगळा करणं, सीएफएसची हाताळणी, डिलिव्हरी ऑर्डर वगैरेचे ३५,००० रुपये. पुढे न्हावा शेवा ते इंदूर ट्रकचे १८,००० रुपये. माल हलका आणि फुगीर असल्यामुळे ट्रकवाल्यानेही जागा बघूनच भाव केला होता.

मधला ३५,००० चा आकडा नीट बघा. तो जहाजभाड्यापेक्षा मोठा आहे. एलसीएलमध्ये तिकडून भाडं अगदी कमी सांगतात आणि इकडच्या बंदरातल्या स्थानिक खर्चात ते भरून काढतात. भाव मागताना "न्हावा शेवाचे सगळे लोकल चार्जेस घनमीटरमागे किती आणि डिलिव्हरी ऑर्डरचे वेगळे किती" हे लेखी मागा. नुसत्या जहाजभाड्यावरून फॉरवर्डर निवडणं हा नव्या आयातदाराचा सगळ्यात महाग पडणारा निर्णय असतो, असं मी ठामपणे सांगेन.

तिन्हींची बेरीज ८०,६०० रुपये आणि जागा १० घनमीटर. म्हणजे घनमीटरमागे ८,०६० रुपये. एका बॉक्सला ०.०१६ घनमीटर लागतात, म्हणून त्याच्यावर १२९ रुपये. एका संचाला ०.००२, म्हणून त्याच्यावर १६ रुपये. बॉक्सची मूळ किंमतच २७३ रुपये होती. त्या किमतीच्या जवळजवळ निम्मा खर्च निव्वळ हवा वाहून आणण्यात गेला.

लोखंडी, जड माल असेल तर हेच गणित वजनावर फिरतं. नियम एकच: ज्याने बिल दिलं त्याने ते कशावर मोजलं, ते बघा आणि त्याच मापाने वाटा.

उरलेले खर्च

क्लिअरिंग एजंटची फी आणि कागदपत्रांचे ९,००० रुपये, विम्याचे ४,५०० आणि बँकेचे २,५०० मी किमतीच्या प्रमाणात वाटले. विमा आणि बँक खरोखर किमतीवरच चालतात. एजंटची फी मात्र बिल ऑफ एंट्रीमागे असते. ती कोणत्याही मापाने वाटली तरी वाद घालता येईल. रक्कम लहान आहे, किमतीवर वाटा आणि पुढे चला.

मालाची किंमत बँकेच्या दराने धरा. भाच्याने पैसे पाठवले तेव्हा डॉलर ९१ पडला, म्हणून संच ३,१८,५०० आणि बॉक्स १,३६,५०० रुपये. कस्टमचा ९० चा दर ड्युटीपुरताच. बिल ऑफ एंट्रीवरची रुपयांतली किंमत खरेदी म्हणून वहीत लिहिणारे मी पाहिले आहेत. त्यांचा पडता नेहमी थोडा खोटा असतो. भाडंही त्यांच्याकडे दोनदा धरलं जातं, कारण कस्टमच्या किमतीत ते आधीच बसलेलं असतं.

| रुपये | १००० संच | ५०० बॉक्स |
|---|---|---|
| माल | ३,१८,५०० | १,३६,५०० |
| ड्युटी व अधिभार | ३७,०७६ | २३,८३४ |
| जहाजभाडं | ५,५२० | २२,०८० |
| बंदरातले खर्च | ७,००० | २८,००० |
| ट्रक | ३,६०० | १४,४०० |
| एजंट, विमा, बँक | ११,२०० | ४,८०० |
| एकूण | ३,८२,८९६ | २,२९,६१४ |
| नगामागे | ३८२.९० | ४५९.२३ |

दोन्हींची बेरीज ६,१२,५१० रुपये. सगळ्या बिलांची, जीएसटी सोडून, बेरीजही तेवढीच यायला हवी. ती जुळली नाही तर कुठलं तरी बिल सुटलंय किंवा दोनदा आलंय. हा ताळा घेतल्याशिवाय दर ठरवू नका.

भाच्याच्या पद्धतीने संच सुमारे ४२९ ला पडत होता आणि बॉक्स सुमारे ३६८ ला. म्हणून त्याने बॉक्स ४२० ला विकला आणि बावन्न रुपये सुटले असं समजला. संचाचा दर ५०० लावला, जो ४५० लाही परवडला असता. एकूण बेरीज त्याचीही बरोबर होती. म्हणूनच चूक दिसत नव्हती.

पडत्यात काय घालू नये

कागद अडल्यामुळे लागलेला विलंबाचा दंड मालाच्या किमतीत घालू नका. बिल ऑफ एंट्री माल बंदरात येण्याच्या आदल्या दिवसाअखेर दाखल व्हावं लागतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोजचे ५,००० आणि पुढे रोजचे १०,००० रुपये आकारले जातात. ड्युटी वेळेत भरली नाही तर १५ टक्के दराने व्याज वेगळं. सीएफएसमध्ये मोफत दिवसांनंतर साठवणुकीचे पैसे, पूर्ण कंटेनर असेल तर शिपिंग लाइनचं डिटेन्शन, म्हणजे कंटेनर उशिरा परत केल्याचे पैसे. हे सगळं त्या महिन्याच्या नुकसानीत दाखवा. पडत्यात मिसळलंत तर एका चुकीचा बोजा पुढच्या दरांवर बसतो आणि गिऱ्हाईक शेजारी जातं. इंदूरच्या गोदामाचं भाडंही पडत्यात येत नाही. तो दुकान चालवण्याचा खर्च.

वाटेतली नेहमीची तूटफूट मात्र येते. ५०० पैकी १० बॉक्स फुटले तर २,२९,६१४ ला ४९० ने भागा, बॉक्स ४६८.६० ला पडतो. विम्याचे पैसे मिळाले तर ते आधी वजा करा.

पीथमपूरला कंटेनर आणलात तर

माल वाढून पूर्ण कंटेनर झाला की तो न्हावा शेवाला न उघडता सरळ पीथमपूरकडच्या आयसीडीत, म्हणजे बंदरापासून दूर देशाच्या आतल्या कंटेनर डेपोत आणून तिथेच कस्टम करता येतं. त्यात बंदरापासून आयसीडीपर्यंतच्या रेल्वे वाहतुकीचा खर्च वाढतो. हा खर्च पडत्यात पूर्ण येतो, पण कस्टमच्या किमतीत येत नाही. मूल्यांकनाच्या नियमांनी बंदरापासून दुसऱ्या कस्टम स्टेशनपर्यंतच्या वाहतुकीचा आणि हाताळणीचा खर्च वगळलेला आहे. पण फॉरवर्डरने चीन ते पीथमपूर असा एकच आकडा लिहून दिला, तर त्यातला देशातला भाग वेगळा दाखवता येत नाही आणि त्यावरही ड्युटी बसू शकते. भाड्याचं बिल दोन ओळींत मागा: न्हावा शेवापर्यंत किती आणि पुढे किती.

सॉफ्टवेअरमध्ये टाकताना

ईआरपीनेक्स्टसारख्या प्रणालीत यासाठी Landed Cost Voucher असतो आणि त्यात Distribute Charges Based On या रकान्यात Qty, Amount किंवा Distribute Manually निवडता येतं. सगळा खर्च एकाच व्हाउचरमध्ये Amount वर टाकलात तर भाच्याचा १.३५ च परत मिळतो, फक्त संगणकावर. Qty वर टाकलात तर १००० संचांवर दोन तृतीयांश भाडं जाऊन त्याच दिशेने जवळजवळ तितकीच चूक होते. मी दोन व्हाउचर करतो. विमा, बँक, एजंट एकात, Amount वर. ड्युटी आणि जागेचे खर्च दुसऱ्यात, Distribute Manually निवडून, वरच्या तक्त्यातले वस्तूवार आकडे हाताने भरून.

दुसऱ्या ऑर्डरच्या आधी भाचा हाच तक्ता कोटेशनच्या आकड्यांवर भरून घेऊन आला. मी त्याला विचारलं, "एका रिकाम्या बॉक्समध्ये तुझे किती संच मावतात?" त्याने दुकानातला एक बॉक्स उघडून बघितला. दोन, आरामात. ५०० बॉक्समध्ये बरोबर १००० संच. त्याने विक्रेत्याला तसं पॅकिंग करायला सांगितलं आणि पॅकिंग लिस्टमध्ये "प्रत्येक बॉक्समध्ये दोन संच" हे स्पष्ट लिहून घेतलं, नाहीतर कस्टमच्या तपासणीत कागद आणि माल जुळत नाही. जागा १० वरून ८ घनमीटर झाली. घनमीटरचे दर आणि ड्युटी तीच धरली तर ८,०६० गुणिले २, म्हणजे १६,१२० रुपये वाचतात. उरलेले ६४,४८० रुपये आम्ही जुन्याच दोनास आठ प्रमाणात वाटले, कारण संचांना फुकट प्रवास दिला तर ते पुन्हा खोटे स्वस्त दिसतील. संच ३७९.६७ ला आला, बॉक्स ४३३.४४ ला. त्याने संचाचा दर ४५० आणि बॉक्सचा ४९० लावला आणि दोन्ही एकत्र घेणाऱ्याला ९०० ला द्यायचं ठरवलं.